आवक गुणिले भाव : प्रस्तावना

नागपूरच्या पूर्वेकडच्या कळमन्यात कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आहे. धान्य, मिरची, कांदे-बटाटे, संत्री असा माल तिथे वेगवेगळ्या विभागांत उतरतो, त्याचे लिलाव होतात आणि दिवसाअखेर एक तक्ता तयार होतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजार समितीचा तक्ता पाहिला तर त्यातले रकाने साधारण तेच दिसतात: शेतमाल, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. बहुतेक मालाची आवक क्विंटलमध्ये असते आणि दर क्विंटलमागे रुपयांत.

हा तक्ता हातात आला की पहिला प्रश्न उलाढालीचा येतो. आज किती रुपयांचा माल विकला गेला? याला कोणीही 'आवक गुणिले भाव' असे उत्तर देईल. कागदावर हिशेब करणारा माणूस सोयाबीनची आवक सोयाबीनच्याच भावाने गुणतो, तुरीची तुरीच्या भावाने, आणि शेवटी बेरीज मारतो. कोणाला कोणाशी गुणायचे हे त्याला सांगावे लागत नाही. पायथन भाषेतल्या नम्पाय या गणिती संचाला मात्र ते सांगावे लागते. शिवाय तिथे गुणाकार दोन प्रकारचे आहेत. `*` हे चिन्ह जागेला जागा गुणते. `@` हे चिन्ह मॅट्रिक्सचा खरा गुणाकार करते, म्हणजे गुणते आणि बेरीजही मारते. या पुस्तिकेचा विषय हे दोन गुणाकार, त्यांची गल्लत आणि त्या गल्लतीतून येणारे आकाराचे एरर एवढाच आहे. विषय लहान असला तरी त्यातल्या चुका कशा ओळखायच्या हे एकदा नीट पाहून ठेवावे लागते. म्हणून प्रस्तावना थोडी लांबवतो आहे आणि एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो आहे.

सोयाबीन, तूर आणि हरभरा हे तीन माल घेऊ, आणि सोमवार-मंगळवार हे दोन दिवस. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेले आहेत. ते बाजारातल्या कोणत्याही खऱ्या दिवसाचे नाहीत. दोन्ही दिवस दर तेच राहिले असेही धरले आहे.

```python
import numpy as np

A = np.array([[400, 100, 200],      # सोमवार
              [500, 150, 250]])     # मंगळवार

B = np.array([[4000, 4400, 4300],   # सोयाबीन
              [6500, 7300, 7000],   # तूर
              [5000, 5600, 5400]])  # हरभरा
```

`A` मध्ये ओळी दिवसांच्या आहेत आणि रकाने मालाचे. `B` मध्ये ओळी मालाच्या आहेत आणि रकाने दरांचे: कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. नम्पायच्या भाषेत पहिल्याचा आकार `(2, 3)` आणि दुसऱ्याचा `(3, 3)`. आता `A @ B` लिहिले की उत्तर येते:

```
[[3250000 3610000 3500000]
 [4225000 4695000 4550000]]
```

यातली पहिली संख्या हाताने करून पाहावी. सोमवारचे सोयाबीन 400 क्विंटल गुणिले 4000, म्हणजे 16 लाख. तूर 100 गुणिले 6500, म्हणजे साडेसहा लाख. हरभरा 200 गुणिले 5000, म्हणजे 10 लाख. बेरीज साडेबत्तीस लाख. सगळा माल कमीत कमी दराने गेला असता तर सोमवारची उलाढाल एवढी झाली असती. त्याच ओळीतली पुढची संख्या जास्तीत जास्त दराची, 36 लाख 10 हजार, आणि शेवटची सर्वसाधारण दराची, 35 लाख. म्हणजे उत्तरातल्या ओळी दिवसांच्या आहेत आणि रकाने दरांचे. माल मात्र उत्तरात कुठेच नाही, कारण बेरीज मारताना तो खर्ची पडला. `@` चा सगळा नियम एवढाच आहे: डावीकडच्याचे रकाने आणि उजवीकडच्याच्या ओळी एकाच गोष्टीच्या असाव्या लागतात, आणि तीच गोष्ट बेरजेत विरून जाते. `(2, 3)` आणि `(3, 3)` शेजारी लिहिले की मधले दोन 3 जुळतात आणि कडेचे 2 आणि 3 उरतात. तोच उत्तराचा आकार.

नम्पायमध्ये दोन तक्ते गुणायचे म्हटल्यावर नवशिक्याचा हात आधी `*` कडे जातो. तसे केले तर इथे एरर येतो:

```
ValueError: operands could not be broadcast together with shapes (2,3) (3,3)
```

जागेला जागा गुणायची तर दोन्ही तक्त्यांचे आकार सारखे हवेत, किंवा लहान तक्ता मोठ्यावर ताणून बसवता यायला हवा. ताणण्याचा नियम असा की आकार उजव्या टोकाकडून जुळवत यायचे. प्रत्येक ठिकाणी आकडे सारखे असावेत, नाहीतर त्यांपैकी एक 1 असावा. इथे उजवीकडचे 3 आणि 3 जुळतात, पण डावीकडे 2 आणि 3 समोरासमोर येतात आणि दोहोंपैकी एकही 1 नाही. म्हणून काम तिथेच थांबते.

दुसरी नेहमीची चूक क्रमाची. साध्या गुणाकारात 3 गुणिले 4 आणि 4 गुणिले 3 सारखेच, या सवयीने कोणी `B @ A` लिहितो. मग हा लांबलचक निरोप येतो:

```
ValueError: matmul: Input operand 1 has a mismatch in its core dimension 0,
with gufunc signature (n?,k),(k,m?)->(n?,m?) (size 2 is different from 3)
```

याला बिचकायचे कारण नाही. फक्त तो शेवटाकडून वाचावा. कंसातले शेवटचे वाक्य सांगते की जिथे 3 हवे होते तिथे 2 मिळाले. त्याआधीच्या खुणेत `k` हे अक्षर दोनदा आले आहे, एकदा पहिल्या तक्त्याच्या रकान्यांसाठी आणि एकदा दुसऱ्याच्या ओळींसाठी. ते दोन्ही सारखे असलेच पाहिजेत. नम्पाय मोजायला शून्यापासून सुरुवात करते, म्हणून `operand 1` म्हणजे दुसरा तक्ता आणि `dimension 0` म्हणजे त्याच्या ओळी. आता हेच बाजाराच्या भाषेत म्हणून पाहा: डावीकडे दरांचे तीन प्रकार आहेत, उजवीकडे दोन दिवस आहेत, आणि त्यांची जोडी लावायला तुम्ही सांगता आहात. असे वाचले की चूक कुठे आहे ते शोधत बसावे लागत नाही. जुन्या पद्धतीने `np.dot(B, A)` लिहिले तर हीच तक्रार `shapes (3,3) and (2,3) not aligned: 3 (dim 1) != 2 (dim 0)` अशा शब्दांत येते. मजकूर वेगळा असला तरी अर्थ तोच.

इथवर चुका उघड होत्या, कारण एरर आला. आता बुधवारची आवक आली असे समजू: सोयाबीन 300, तूर 200, हरभरा 100. ती ओळ `A` ला जोडली की त्याचा आकार `(3, 3)` होतो, आणि `B` तर आधीपासूनच `(3, 3)` आहे. तीन दिवस, तीन माल, तीन दर. आता काल नाकारलेला `A * B` आज बिनबोभाट चालतो:

```
[[1600000  440000  860000]
 [3250000 1095000 1750000]
 [1500000 1120000  540000]]
```

यात काय काय गुणले गेले आहे ते बघा. पहिली संख्या सोमवारचे सोयाबीन गुणिले सोयाबीनचा कमीत कमी दर, ती योगायोगाने बरोबर आहे. तिच्या शेजारी सोमवारच्या तुरीला सोयाबीनचा जास्तीत जास्त दर लागला आहे, आणि त्याच्या पुढे सोमवारच्या हरभऱ्याला सोयाबीनचा सर्वसाधारण दर. मंगळवारच्या तिन्ही मालांना तुरीचे दर लागले आहेत आणि बुधवारच्या तिन्ही मालांना हरभऱ्याचे. तरीही प्रत्येक संख्या लाखांत आहे, गोल आहे आणि तक्त्यात शोभून दिसते. ओळींच्या बेरजा मारल्या तर सोमवार 29 लाख, मंगळवार 60 लाख 95 हजार आणि बुधवार 31 लाख 60 हजार असे आकडे येतात. सर्वसाधारण दराने खरी उत्तरे 35 लाख, 45 लाख 50 हजार आणि 32 लाख 30 हजार आहेत. बुधवारचा चुकीचा आकडा खऱ्याच्या इतका जवळ आहे की वरवर पाहणाऱ्याला संशयही येणार नाही.

`B @ A` चीही तीच गत. तीन दिवस होताच तोही चालू लागतो आणि त्यातही काडीचा अर्थ नसतो. म्हणून पुस्तिकेत वारंवार येणारा मुद्दा इथेच सांगून टाकतो: आकाराचा एरर ही तपासणी आहे, पण ती फक्त लांबी मोजते. दोन वेगळ्या गोष्टींची लांबी योगायोगाने सारखी झाली की ती तपासणी संपते. चौरस तक्त्यावर ती जवळजवळ नसतेच. त्यामुळे नवा प्रोग्रॅम तपासताना चौरस उदाहरण घेऊ नये. दिवस दोन, माल तीन आणि दर चार असे मुद्दाम वेगवेगळे आकडे घ्यावेत, म्हणजे चुकीची जोडी लागताच एरर येईल.

दुसरी तपासणी मालाच्या अर्थातून निघते. उलाढाल कोणत्याही दिवशी कमीत कमी दराच्या आणि जास्तीत जास्त दराच्या उलाढालीमध्येच असली पाहिजे. सोमवारसाठी ही मर्यादा साडेबत्तीस ते 36 लाख 10 हजार आहे, म्हणजे 29 लाख हे उत्तर लगेच बाद होते. मंगळवारी वरची मर्यादा 46 लाख 95 हजार, म्हणजे 60 लाख 95 हजारही बाद. बुधवारची मर्यादा मात्र 30 लाख ते 33 लाख 40 हजार आहे आणि चुकीचे 31 लाख 60 हजार त्यात आरामात बसतात. एकाच दिवसाचा आकडा तपासून समाधान मानणारा इथे फसतो. तिन्ही दिवस तपासले तरच चूक पकडली जाते.

यावरून `*` वाईट आणि `@` चांगले असा ग्रह करून घेऊ नये. कोणते चिन्ह वापरायचे ते प्रश्न ठरवतो. फक्त सर्वसाधारण दरांची यादी `r = B[:, 2]` अशी वेगळी काढली तर तिचा आकार `(3,)` होतो. आता `A * r` मध्ये ती यादी प्रत्येक दिवसाच्या ओळीवर बसते आणि मालवार उलाढाल मिळते. सोमवारी सोयाबीन 17 लाख 20 हजार, तूर 7 लाख, हरभरा 10 लाख 80 हजार. `A @ r` केले तर याच तीन संख्यांची बेरीज, 35 लाख, थेट हातात येते. अडत्याला मालवार आकडा हवा असेल तर `*`, दिवसाची एकूण रक्कम हवी असेल तर `@`. दोन्ही गुणाकारांचे नाते या एका ओळीत दिसते:

```python
(A * r).sum(axis=1)   # A @ r इतकेच
```

आता आपण सुरुवातीला धरलेली सोय सोडून देऊ. प्रत्यक्षात दर रोज बदलतात. तेव्हा पहिल्या दोन दिवसांसाठी दरांचा तक्ता `R` हासुद्धा दिवस आणि माल असाच, `(2, 3)` आकाराचा होईल, आणि आवकेच्या `A` मध्येही बुधवार वगळून तेच दोन दिवस ठेवू, म्हणजे तोही `(2, 3)` आकाराचा. इथे `A @ R` केल्यास एरर येतो. तो पाहून बरेच जण `A @ R.T` करतात, म्हणजे दुसऱ्या तक्त्याच्या ओळींचे रकाने करतात. एरर जातो आणि `(2, 2)` आकाराचे उत्तर येते. त्यातल्या डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेषेवरच्या दोन संख्या बरोबर असतात: सोमवारची आवक सोमवारच्या दराने आणि मंगळवारची मंगळवारच्या. उरलेल्या दोन संख्या सोमवारची आवक मंगळवारच्या दराने आणि मंगळवारची सोमवारच्या दराने अशा असतात. त्या कोणी विचारल्याच नव्हत्या. पुढे कोणी सगळ्या तक्त्याची बेरीज मारली की उलाढाल दुपटीच्या आसपास फुगते. रोजचे दर वेगळे असताना बरोबर उत्तर `(A * R).sum(axis=1)` हेच आहे. एरर आला की `.T` लावून पाहायचे, तेही नाही चालले तर `reshape` करायचे, या वाटेने जाणारा एरर घालवतो आणि चूक ठेवून देतो.

या दोन चिन्हांची विभागणी अशी का झाली, त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचे बीजगणित आर्थर केली यांनी 1858 साली मांडले. मॅटलॅबसारख्या प्रणालीने साधे `*` मॅट्रिक्सच्या गुणाकाराला दिले आणि जागेला जागा गुणण्यासाठी `.*` ठेवले. पायथनमध्ये उलट झाले. जिम ह्युगुनिन यांच्या न्यूमेरिक या संचापासून `*` म्हणजे जागेला जागा हेच रूढ झाले, आणि ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी घडवलेल्या नम्पायने 2006 च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीतही तेच चालवले. खऱ्या गुणाकारासाठी `dot` लिहावे लागे. `np.matrix` नावाच्या वेगळ्या प्रकारात `*` चा अर्थ बदलून खरा गुणाकार केलेला होता, त्यामुळे तीच ओळ आत काय येते त्यावर वेगळे उत्तर देई. तो घोळ संपवण्यासाठी नॅथॅनिएल स्मिथ यांनी 2014 साली `@` चा प्रस्ताव मांडला आणि 2015 च्या पायथन 3.5 मध्ये ते चिन्ह आले. जुन्या पुस्तकांतला आणि जुन्या प्रोग्रॅममधला कोड वाचताना हे लक्षात ठेवावे. `np.matrix` आता नव्या कामात वापरू नये असे नम्पायच्या कर्त्यांचेच सांगणे आहे.

एक चूक मात्र आकाराच्या कोणत्याही तपासणीत सापडत नाही. आवकेच्या तक्त्यात सोयाबीन, तूर, हरभरा असा क्रम आहे आणि दरांच्या तक्त्यात कोणी नावे अकारविल्हे लावल्यामुळे तूर, सोयाबीन, हरभरा असा क्रम झाला. दोन्हीकडे मालाची संख्या तीनच आहे, चिन्हही बरोबर `@` आहे, आणि तरीही सोयाबीनला तुरीचा भाव लागतो. नम्पायला नावे माहीतच नसतात. त्याला जागा कळते. यावर खरा उपाय नावे देण्याचा. पांडास या संचात ओळी-रकान्यांना नावे देता येतात आणि तिथले `@` नावांवरून जोडी लावते; नावेच वेगळी असतील तर `matrices are not aligned` असे म्हणून थांबते. नम्पायमध्येही `einsum` वापरून निदान बाजूंना नावे देता येतात. त्यात प्रत्येक बाजूला एक अक्षर द्यायचे असते. दिवसाला `d`, मालाला `m` आणि भावाला `b` धरले तर आपले दोन्ही हिशेब असे लिहिले जातात:

```python
np.einsum('dm,mb->db', A, B)   # दर सगळे दिवस तेच
np.einsum('dm,dm->d',  A, R)   # दर रोज वेगळे
```

बाणाच्या उजवीकडे जे अक्षर नाही त्याची बेरीज होते. दोन्ही ओळींत `m` उजवीकडे नाही, म्हणजे दोन्हीकडे मालावर बेरीज होते. फरक दरांच्या तक्त्यात दिवस आहे की नाही एवढाच, आणि तो डोळ्यांना दिसतो. अर्थात ही अक्षरे लिहिणाऱ्याने दिलेली हमी असते. `m` लिहिलेल्या ठिकाणी खरोखर मालच आहे आणि तोही त्याच क्रमाने आहे, हे `einsum` तपासत नाही.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने केली आहे. आधी तक्त्याच्या ओळी-रकान्यांना शब्दांत नाव देणे, मग दोन्ही गुणाकार हाताने करणे, मग एररचे निरोप वाचणे, आणि शेवटी जिथे एरर येत नाही अशा चुका. प्रत्येक प्रकरणातले आकडे लहान ठेवले आहेत, कारण ते कागदावर करून पाहावेत अशी अपेक्षा आहे.

वाचकांना एकच विनंती. गुणाकाराची ओळ लिहिली की ती चालवण्याआधी तिच्या शेजारी टिपणात दोन्ही तक्त्यांच्या बाजू शब्दांत लिहा: 'दिवस × माल, माल × दर, उत्तर दिवस × दर'. मधले दोन शब्द सारखे असतील तर `@` लिहा. दोन्हीकडे तेच शब्द त्याच क्रमाने असतील तर `*` लिहा. यांपैकी काहीच होत नसेल तर कोडला हात लावू नका. तक्ता पुन्हा बघा.